फिश थाळीचं पार्सल: डबा बदलण्याआधी वस्तू मोजा

प्रश्न: फोंड्याजवळ आमचं लहान हॉटेल आहे. दुपारी फिश थाळीची साठ-सत्तर पार्सलं जातात, त्यातली निम्मी ॲपवरून. गिऱ्हाइकं म्हणतात प्लास्टिक बंद करा. उसाच्या चोथ्याचे डबे आणून बघितले, तर हुमण गळतं आणि दरही परवडत नाही. आम्ही नेमकं काय बदलावं? आणि गिऱ्हाइकांकडून काय अपेक्षा ठेवावी?

चोथ्याचे डबे हुमणासाठी बंद केलेत ते योग्यच केलंत. उसाच्या चोथ्याचा डबा म्हणजे दाबून बसवलेला तंतू. त्यात गरम, तेलकट आणि आंबट असं तिन्ही एकदम ओतलं की अर्ध्या-पाऊण तासात तळ मऊ पडतो, आणि झाकण नुसतं वर बसत असल्यामुळे स्कूटरच्या पहिल्याच खड्ड्यात रस्सा बाहेर येतो. तेल झिरपू नये म्हणून अशा काही डब्यांना फ्लोरिनयुक्त रसायनाचा हात दिलेला असतो. ही रसायनं वर्षानुवर्षं मातीत आणि पाण्यात टिकतात, तेव्हा घ्यायचेच झाले तर पुरवठादाराकडून त्याबद्दल लेखी मागा. बटाटेवडा, कटलेट, सुकी भाजी यांना हे डबे चांगले. हुमणाला नाहीत.

ॲल्युमिनियमच्या डब्यांकडेही वळू नका. आपल्या रश्शात कोकम नाहीतर चिंच असतेच, विंदालूत व्हिनेगर असतं. आंबट आणि खारट पदार्थ गरम असताना ॲल्युमिनियमला चिकटून राहिला की धातूवर बारीक खड्डे पडतात आणि थोडा धातू अन्नात उतरतो. कागदी वाटी दिसायला कागदाची असते, पण आतून तिला पॉलिथिनचा पातळ थर असतो. तो कागदापासून वेगळा निघत नाही. त्यामुळे ती रद्दीत चालत नाही आणि खतातही चालत नाही.

‘मक्यापासून बनवलेलं प्लास्टिक’ म्हणून जे येतं, ते कुजायला साधारण ५८ ते ६० अंशांची सतत उष्णता लागते. अशी उष्णता मोठ्या खतप्रकल्पात राखता येते, घरामागच्या खड्ड्यात नाही. शिवाय कंपोस्ट होणारं प्लास्टिक म्हणून विकायचं तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. विक्रेत्याकडे ते मागा. नुसतं हिरव्या पानाचं चित्र छापलेलं असेल तर तो माल परत पाठवा.

तेव्हा हुमणासाठी तूर्त घट्ट झाकणाचा, पारदर्शक पॉलिप्रॉपिलीनचा डबा ठेवा. तळाला त्रिकोणात ५ आकडा आणि PP अशी खूण असते. माझं म्हणणं एवढंच आहे की डब्याचा पदार्थ बदलून तुमच्या पार्सलचा कचरा फारसा कमी होणार नाही. तो कमी होईल पार्सलमधल्या सुट्या वस्तू कमी केल्याने, आणि रोजच्या गिऱ्हाइकाला डबा परत आणायची सोय केल्याने.

आधी एक पार्सल टेबलावर उघडून मांडा. तुमच्यासारख्याच एका हॉटेलातली थाळी आम्ही अशी मांडली तेव्हा दहा वस्तू निघाल्या. भाताचा ५०० मिलीचा डबा, हुमणाचा २५० मिलीचा, भाजीचा लहान डबा, तळलेल्या माशाला फॉइल, किसमूरची प्लास्टिक पुडी, लोणच्याची पुडी, सोलकढीचा झाकणवाला ग्लास, हुमणाच्या डब्याला गुंडाळलेली क्लिंग फिल्म, लाकडी चमचा आणि टिश्यूचं एक पुडकं, आणि हे सगळं घालायला प्लास्टिकची पिशवी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं तर भाताचा डबा झाकणासकट २० ग्रॅम, हुमणाचा १२, भाजीचा ६, ग्लास ८, पिशवी १२, पुड्या आणि फिल्म मिळून ३. म्हणजे एका जेवणामागे ६१ ग्रॅम प्लास्टिक, फॉइल वेगळीच. तुमच्या डब्यांचं वजन थोडं इकडेतिकडे होईल, पण स्वतः तोलून बघा. आचारी आणि पार्सल बांधणारा पोरगा दोघंही समोर असू देत, कारण पुढचं सगळं त्यांच्या हातात आहे.

या दहातली सर्वांत निरुपयोगी वस्तू क्लिंग फिल्म. ती आपण गळतीच्या भीतीने लावतो, आणि गळतं ते बहुतेक वेळा भरण्याच्या पद्धतीमुळे. उकळतं हुमण काठोकाठ भरून लगेच झाकण दाबलं की आत वाफ कोंडते आणि झाकण एका बाजूने उचलतं. ओतताना काठावर तेलाचा ओघळ आला असेल तर झाकणाची पकड मुळातच बसत नाही. मग फिल्म गुंडाळली तरी फटीतून झिरपणारा रस्सा फिल्मच्या आतच साचतो, गिऱ्हाईक उघडतं तेव्हा हात माखतात आणि तो डबा धुण्याच्या पलीकडे जातो.

हे असं सुधारतं. डबा वरून बोटभर रिकामा ठेवा. चोच असलेली पळी वापरा म्हणजे काठ भरत नाही. तरीही भरला तर स्वच्छ कोरड्या फडक्याने काठ पुसा. दोन मिनिटं उघडा राहू द्या, म्हणजे पहिली जोराची वाफ निघून जाते. त्याहून जास्त नको. रस्सा हातात पोचेपर्यंत चांगला गरमच राहिला पाहिजे, कोमट माशाचं हुमण बराच वेळ ठेवणं धोक्याचं. मग झाकण मधोमध न दाबता काठाकाठाने अंगठा फिरवत दाबा. नीट बसलं की ‘टक’ असा आवाज येतो. तो चारही बाजूंना आला पाहिजे.

नव्या डब्यांचा गठ्ठा घेण्याआधी एक चाचणी करा. पाच-सहा नमुने घ्या, त्यात गरम पाणी, चमचाभर तेल आणि हळद घाला, बंद करून पांढऱ्या कागदावर दहा मिनिटं उलटे ठेवा. कागदावर पिवळा डाग दिसला की तो डबा नको. पास झालेले पिशवीत घालून स्कूटरवरून एक चक्कर मारून आणा आणि पुन्हा कागदावर ठेवा. दोन रुपये स्वस्त मिळालेला डबा इथे नापास होतो, आणि त्याचे दोन रुपये फिल्ममध्ये आणि परत केलेल्या ऑर्डरीत कधीच निघून गेलेले असतात.

आता मासा. रवा लावून तळलेला बांगडा किंवा इसवणाची तुकडी गरम असताना फॉइलमध्ये गुंडाळली की स्वतःच्याच वाफेत भिजते. कुरकुरीतपणा जातो आणि गिऱ्हाईक ॲपवर तक्रार लिहितं. तळल्यावर मासा तीनेक मिनिटं जाळीवर राहू द्या. केळीचं पान पुसून गॅसवरून एकदा फिरवा. त्याचा रंग गडद होतो आणि मग ते घडी घालताना फाटत नाही. मासा पानात, आणि पानावर साध्या तपकिरी कागदाची सैल पुडी. तिला टेप नको, टोकं आत खोचली तरी पुरतं. वर्तमानपत्र मात्र कटाक्षाने टाळा. छपाईची शाई तेलात उतरते, आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांतही ते चालत नाही. फोंडा तालुक्यात पानांची वानवा नाही. सावईवेरे, केरी भागातल्या कुळागरवाल्याशी रोजचा करार करा आणि पान कापून, पुसून सकाळीच तयार ठेवा. ऐन दुपारी पान पुसायला कोणालाच वेळ नसतो, आणि मग हात पुन्हा फॉइलकडे जातो. जेवण झाल्यावर पान आणि तेलकट कागद दोन्ही ओल्या कचऱ्यात जातात.

भाताचा डबा ६५० मिलीचा घ्या आणि त्यात पानाची एक पट्टी उभी खोचून बाजूला भाजी घाला. सुकी भाजी असेल तर काही प्रश्न येत नाही. पातळ भाजीच्या दिवशी मात्र हे जमणार नाही, त्या दिवशी लहान डबा द्यावाच लागेल. किसमूर भातावर घालू नका. गरम भाताच्या वाफेने खोबरं लवकर उतरतं. ते पानाच्या छोट्या घडीत, माशाच्या पुडीसोबत द्या.

सोलकढी, लोणचं आणि चमचा मागितल्याशिवाय द्यायचे नाहीत. ॲपच्या मेनूत प्रत्येक पदार्थाला जोड-पर्याय ठेवता येतात. तिथे ‘सोलकढी’ आणि ‘लोणचं’ शून्य रुपयांना ठेवा. ज्याला हवं तो खूण करेल. पैसे लावू नका, नाहीतर थाळी लहान केली असा समज होतो. चमच्याची विचारणा ॲपवर ऑर्डर देतानाच होते, पण मी पाहिलं आहे की गिऱ्हाइकाने ‘नको’ म्हटलं तरी हॉटेलं सवयीने पुडकं टाकतात. कारण साधं आहे. पार्सल बांधणारा बिल वाचत नाही, हाताजवळच्या खोक्यातून उचलतो. ते खोकं त्याच्या हातापासून लांब, काउंटरच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. फरक त्याच दिवशी दिसतो.

पिशवी कागदी घ्या, तळ रुंद आणि सपाट असलेली, म्हणजे हुमणाचा डबा उभा राहतो. पावसाळ्यात ती भिजते ही तक्रार खरी आहे. ॲपवाल्याच्या पाठीवरच्या पेटीत ती कोरडी राहते. दारातून पार्सल नेणाऱ्याला पिशवी विचारूनच द्या. बाजारात कापडासारख्या दिसणाऱ्या रंगीत पिशव्या मिळतात, त्या कापडाच्या नसून पॉलिप्रॉपिलीनच्याच असतात. त्यांच्यावर जास्त पैसे घालवू नका.

एवढं केल्यावर त्या हॉटेलातल्या थाळीत उरलं ते असं: भात-भाजीचा डबा २४ ग्रॅम, हुमणाचा १२ ग्रॅम, पानातला मासा आणि किसमूर, कागदी पिशवी. प्लास्टिक ६१ वरून ३६ ग्रॅमवर आलं. सोलकढी मागितली तर तिच्या डब्याची त्यात थोडी भर. मला ग्रॅमपेक्षा दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. जे उरलं ते एकाच जातीचं, पारदर्शक, धुता येणारं प्लास्टिक आहे. पुड्या, फिल्म आणि फॉइलचे तुकडे कोणी वेचत नाही.

कारण पुढे काय होतं ते बघा. गोव्यात साळगाव आणि काकोड्याच्या प्रकल्पांत ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस होतो. सुका कचरा पंचायती आणि पालिका वेगळा उचलतात, आणि ज्याला भंगारात किंमत नाही ते दाबून, गठ्ठे करून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांकडे जाळायला जातं. हुमणाने माखलेला डबा तत्त्वतः पुनर्वापराचा असूनही या जाळायच्या गठ्ठ्यातच जातो. तेलकट माल भंगारवाला घेत नाही. शिवाय दारावर सुका कचरा रोज उचलत नाहीत, त्यामुळे न धुतलेला डबा दोन दिवसांत वास मारतो, त्यात किडे होतात आणि शेजारचा स्वच्छ कागदही खराब होतो.

म्हणून गिऱ्हाइकांकडून मी पहिली गोष्ट मागेन ती धुण्याची. त्यासाठी साबण, गरम पाणी वेगळं लागत नाही. जेवणाची भांडी घासून झाल्यावर उरलेल्या साबणाच्या पाण्यात डबा आणि झाकण खळबळायचं, उपडं ठेवायचं, वाळलं की एकात एक घालायचं. चिकटवलेलं लेबल ओलं असतानाच निघतं. हळदीचा पिवळा डाग राहिला तर राहू दे, त्याने काही बिघडत नाही, नको आहे ते तेल आणि शितं. पावसाळ्यात हे डबे अंगणात किंवा पडवीबाहेर ठेवू नका. चार थेंब पाणी साचलं तरी डासांना पुरतं, आणि डेंग्यू आपल्याकडे दर वर्षी येतो.

तुम्ही हॉटेलवाल्यांनी धुतलेले डबे परत घ्या, पण पुन्हा अन्न भरायला वापरू नका. हे डबे एका वापराच्या हिशेबाने पातळ केलेले असतात. त्यांच्यावर ओरखडे पडतात, ओरखड्यांत तेल बसतं, आणि हॉटेलच्या उकळत्या पाण्याच्या धुण्यात त्यांचा आकार जातो. झाकण मग पकडत नाही. दाराशी एक गोणी ठेवा, फक्त ५ नंबरच्या स्वच्छ डब्यांसाठी. एकाच जातीच्या प्लास्टिकची भरलेली गोणी भंगारवाला नेतो किंवा पंचायतीच्या शेडमध्ये ती वेगळी ठेवता येते. तेच डबे मिसळीत गेले तर त्यांना विचारणारं कोणी नसतं.

आता सर्वांत मोठा बदल, जो ॲपच्या निम्म्या ऑर्डरींना लागू होत नाही. उरलेल्या निम्म्या दारातून जातात, आणि फोंड्याजवळ असल्यामुळे त्यातली बरीच गिऱ्हाइकं रोजचीच असणार. कुंडई, बेतोडा, मडकईच्या कारखान्यांतले कामगार, बँकेतले, शाळेतले. या लोकांना त्यांचाच डबा आणू द्या. इथे तीन अडचणी येतात.

पहिली मापाची. गिऱ्हाइकाच्या मोठ्या डब्यात २५० मिली हुमण तळाशी दिसतं आणि त्याला वाटतं कमी दिलं. त्यासाठी काउंटरवर २५० मिलीचं स्टीलचं माप ठेवा आणि त्याच्या समोर मापाने ओता. दुसरी स्वच्छतेची. झाकण गिऱ्हाइकाने स्वतः उघडावं, डबा काउंटरवरच राहावा, तो स्वयंपाकघरात न्यायचा नाही. पळी आणि माप डब्याला न टेकवता वरून ओतायचं. डबा आतून ओला किंवा वास येणारा असेल तर नम्रपणे नकार द्या आणि तुमच्या डब्यात द्या, यात संकोच नको. तिसरी गर्दीची. दुपारी एकच्या सुमारास डबेवाला आणि टेबलावरचा एकाच रांगेत आले तर दोघंही कंटाळतात. डबा सकाळी अकरापर्यंत ठेवून जायची सोय केलीत, नाव लिहिलेली चिकटपट्टी लावली, तर जेवायच्या वेळी तो भरलेलाच तयार मिळेल. मग मात्र झाकण तुमच्या माणसाला उघडावं लागेल, त्याच्यासाठी वेगळं टेबल आणि हात धुण्याची सोय हवी.

ज्यांना डबा आणायला जमत नाही पण जे रोज येतात, त्यांना तुमचा स्टीलचा डबा द्या, अनामत घेऊन. हिशेब समजा असा. रोजची २० गिऱ्हाइकं, महिन्याचे २४ दिवस, म्हणजे ४८० थाळ्या. एका थाळीमागे पॅकिंगला २० रुपये जात असतील तर महिन्याला ९,६०० रुपये. प्रत्येकाला दोन संच लागतात, एक त्याच्याकडे आणि एक तुमच्याकडे, वर पाच जादा, असे ४५ संच. संच ३५० रुपयांना पडला तर १५,७५० रुपये. धुण्याचे थाळीमागे अडीच रुपये धरले तर महिन्याला १,२०० रुपये. म्हणजे दोन महिन्यांच्या आत संचांचे पैसे वसूल होतात. तुमचे दर घालून हा हिशेब पुन्हा करा. थाळीमागचा पॅकिंगचा खर्च १० रुपयांपेक्षा कमी असेल तर वसुलीला चार-पाच महिने किंवा अधिक लागतील, तरीही हा बदल करण्यासारखा आहे.

अनामत संचाच्या किमतीइतकी, नाहीतर निदान तिच्या अर्ध्याहून जास्त ठेवा. पन्नास रुपये ठेवलेत तर डबे लोकांच्या घरी राहतील. प्रत्येक डब्यावर आकडा कोरून घ्या आणि वहीत आकडा लिहा. रिकामा डबा परत दिल्याशिवाय भरलेला द्यायचा नाही, हा एकच नियम पाळला तरी डबे हरवत नाहीत. पर्यटकांना किंवा ॲपच्या ऑर्डरीला हे देऊ नका. डबा परत येण्याचा रस्ताच नसतो, आणि ॲपच्या पोराकडून रिकामे डबे आणण्याची अपेक्षा करणं त्याच्यावर अन्याय आहे, त्याला त्या फेरीचे पैसे मिळत नाहीत.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण काउंटरवर त्यावरून वाद होतात. १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकचे चमचे, काटे, प्लेट, ग्लास, स्ट्रॉ, ट्रे यांवर बंदी आहे. म्हणजे तुमच्याकडे सोलकढीला प्लास्टिकचा ग्लास येत असेल तर तो आजच थांबवा, आणि मागणाऱ्यांना सोलकढी १०० मिलीच्या झाकणवाल्या डब्यात किंवा त्यांच्याच बाटलीत द्या. हातात धरायची प्लास्टिक पिशवी ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ चालत नाही. झाकणवाले पॉलिप्रॉपिलीनचे डबे या बंदीच्या यादीत नाहीत.

सुरुवात सोमवारी करा. सोमवारी आपल्याकडे बऱ्याच घरांत मासे नसतात, त्यामुळे थाळ्या कमी जातात आणि हुमणाऐवजी डाळ-भाजी असते, जी भरायला सोपी. त्या दिवशी फक्त दोन गोष्टी बदला: क्लिंग फिल्म बंद, आणि चमच्याचं खोकं लांब. किती पार्सलं गळाल्याची तक्रार आली ते वहीत लिहा. आठवडाभर तक्रार वाढली नाही तर पुढच्या सोमवारी केळीचं पान आणा. स्टीलचे डबे सर्वांत शेवटी, आणि तेही आधी पाच-सहा ओळखीच्या गिऱ्हाइकांना देऊन बघा.